चष्मा काढल्यावर वाचायचं कार्ड

आंघोळीला जाणारा माणूस चष्मा बाहेर ठेवून जातो. घरी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी फ्लश, मिक्सर आणि गीझर कसा वापरायचा याचं चित्रांचं कार्ड बाथरूममध्ये लावायचं म्हटलं, की सगळा विचार इथून सुरू करावा लागतो. कॉम्प्युटरवर सुबक दिसणारं, बारीक अक्षरांत आठ-दहा ओळी असलेलं, चकचकीत लॅमिनेशन केलेलं कार्ड आतल्या वाफेत आणि बिनचष्म्याच्या डोळ्यांना नुसता पांढरा चौकोन दिसतं. त्यात हात ओले, अंगावर पंचा किंवा परकर, दाराला आतून कडी. ‘जरा ये गं’ अशी सुनेला हाक मारायची सोय नसते, आणि असती तरी बहुतेक म्हातारी माणसं ती मारत नाहीत. गार पाण्याने आंघोळ उरकतात आणि बाहेर येऊन ‘झाली छान’ म्हणतात.

यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका आणि औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या यांची चित्रं आणि मांडणी करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे ओळखीच्यांकडून अशा कार्डाची फर्माईश अधूनमधून येते. मागच्या थंडीत पुण्यात बाणेरला राहणाऱ्या एका मैत्रिणीने केली. तिचे सासू-सासरे कराडजवळच्या गावाहून राहायला येणार होते. गावी पाणी तापवायला बंब, न्हाणीघरात बसायला दगड, आणि संडासात बादलीने पाणी टाकायची सवय. अण्णा ऐंशीला टेकलेले, मधुमेह जुना. आईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. दोघांनाही वाचता येतं, अण्णा तर रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तेव्हा अडचण अक्षरओळखीची नव्हती.

आधी ते बाथरूम नीट बघून घेतलं. असलं कार्ड सर्वसाधारण बाथरूमचं काढता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र शेजारच्या फ्लॅटमध्येसुद्धा चुकीचं ठरू शकतं. इथे भिंतीत लपवलेली फ्लशची टाकी होती आणि बाहेर दोन बटणांची पट्टी. मिक्सर एका दांड्याचा: दांडा उचलला की पाणी सुरू, डावीकडे नेला की गरम, उजवीकडे नेला की गार. त्याच्या जरा वर एक गोल खुंटी. ती बाहेर ओढली की पाणी डोक्यावरच्या शॉवरला जातं, आत ढकलली की खालच्या नळाला येतं. गीझर पंधरा लिटरचा, वर कोपऱ्यात. त्याचं बटण मात्र दाराबाहेर, दिवा, पंखा आणि आणखी एक अशा बटणांच्या रांगेत. मिक्सरला गरम डावीकडे हा रिवाज आहे खरा, पण प्लंबरने पाइप उलटे जोडलेली बाथरूम मी पाहिली आहेत. खुंटीचं तर काहीच सांगता येत नाही, एका कंपनीची ओढली की शॉवर तर दुसरीची दाबली की. म्हणून गीझर लावून, पाणी सोडून, प्रत्येक गोष्ट हाताने करून बघायची आणि मगच पेन्सिल उचलायची.

मैत्रिणीच्या मनात एक मोठं कार्ड होतं, आरशाशेजारी लावायचं. पण या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी आणि तीन वेगळ्या वेळी लागतात. गीझरचं बटण आंघोळीच्या अर्धा तास आधी, बाहेर. मिक्सर आंघोळीच्या वेळी, आत. फ्लश भलत्याच वेळी, आणि तोही बसणाऱ्याच्या पाठीमागे. आरशाजवळ वाचलेलं तीन पावलं चालून वळेपर्यंत लक्षात ठेवायचं, हे तरुणालाही जमेलच असं नाही. म्हणून कार्ड कापून त्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा ज्या वस्तूला हात लावायचा तिच्याशेजारी लावला. एवढ्याने मजकूर निम्मा झाला, कारण ‘दाराबाहेरच्या बोर्डवरचं डावीकडून तिसरं बटण’ असली वाक्यंच लागेनाशी झाली.

गीझरचा तुकडा सगळ्यांत सोपा. बोर्डवर गीझरच्या बटणावर लाल गोल टिकली चिकटवली आणि कार्डातल्या चित्रातही तीच टिकली काढली. आपल्याकडे बटण खाली दाबलं की चालू होतं, हे अण्णांना ठाऊक होतं. सांगायचं होतं ते वेळेचं. पंधरा लिटर पाणी, बाहेरच्या पाण्याचं तापमान पंचवीस अंश आणि गीझर दोन किलोवॅटचा असेल, तर पाणी ६० अंशांपर्यंत जायला अठरा-वीस मिनिटं लागतात. थंडीत टाकीतलं पाणी आणखी गार असतं, तेव्हा थोडी जास्त. बंबाला जाळ घालून त्याच्यापाशी बसणाऱ्या माणसाला पाणी तापल्याचं नुसतं बघून कळतं. गीझर मुका असतो. त्याच्या अंगावरचे दिवे काही सांगतात, पण कंपनीगणिक वेगळं: कुठे पाणी तापलं की दिवा विझतो, कुठे लाल जाऊन हिरवा लागतो, कुठे दिवा फक्त वीज आली एवढंच सांगतो. म्हणून दिव्याच्या भानगडीत न पडता कार्डावर घड्याळ काढलं आणि वीस मिनिटांचा भाग काळा भरला. खाली एवढंच: ‘बटण दाबा. २० मिनिटं थांबा. आत जाताना बटण बंद करा.’

शेवटच्या वाक्यावर मैत्रिणीच्या नवऱ्याने आक्षेप घेतला. गीझर चालू ठेवून आंघोळ करायला काय हरकत आहे, थर्मोस्टॅट असतोच की. असतो. अर्थिंग नीट असेल आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला असेल तर भीती नाही, हेही खरं. पण हे सगळं धड आहे की नाही ते पाहुण्याला कळायचा मार्ग नाही. शिवाय बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या मनात शॉकची धास्ती असते. बटण बंद केलं की ती निवांत आंघोळ करतात. पाणी पुरतं का, हा खरा प्रश्न. त्याचा हिशोब सोपा आहे. ६० अंशांचं पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांच्या गार पाण्यात मिसळून चाळीस अंशांचं केलं, तर कागदावर पस्तीस लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण वरून गरम पाणी काढतो तसं खालून गार पाणी टाकीत शिरत असतं. तरी दीड बादली कुठे जात नाही. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्याला ते भरपूर झालं.

आता मिक्सर. दुखापत होते ती इथे, आणि कार्डाची निम्मी मेहनत इथेच गेली.

गावाकडे आंघोळीचं पाणी कसं काढतात ते आठवा. आधी बंबातलं कढत पाणी बादलीत, मग त्यात विसण. हात घालून बघायचं, जास्त गरम वाटलं तर आणखी विसण. हा क्रम साठ-सत्तर वर्षं हाताला बसलेला असतो, आणि बादलीत तो बिनधोक आहे, कारण पाणी अंगावर यायच्या आधी बादलीत थांबतं. माणूस मिक्सरपाशी तोच क्रम घेऊन येतो. दांडा आधी पूर्ण डावीकडे, गरमवर. खुंटी ओढलेली राहिली असेल तर ते कढत पाणी बादलीत न पडता थेट डोक्यावर येतं.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. गीझरपासून मिक्सरपर्यंतच्या पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी असतं. अर्ध्या इंची पाइपात दर मीटरला साधारण सव्वाशे मिलिलिटर मावतं. गीझर त्याच बाथरूममध्ये असेल तर हे पाणी पेलाभरच असतं, पण दोन बाथरूमना मिळून एकच गीझर असेल आणि पाइप फिरून दहा मीटर आला असेल तर सव्वा लिटर. दांडा डावीकडे केला तरी आधी हे गार पाणी येतं. पाणी तापलंच नाही असं वाटून माणूस दांडा आणखी डावीकडे नेतो, आणखी वर उचलतो. मग काही सेकंदांनी एकदम ६० अंशांचं पाणी येतं, पूर्ण धारेने. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. पन्नासच्या आसपास तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि मागे सरकायला वेळ लागतो. जुन्या मधुमेहात तळपायाची आणि कधी हाताचीही जाणीव बोथट होते. म्हणजे भाजल्याचं कळतंच उशिरा.

यावर पहिला उपाय कार्डाचा नाही. बऱ्याच गीझरांना खालच्या बाजूला तापमानाचा खटका असतो. तो पन्नासच्या आसपास आणून ठेवला की वरच्या पाच सेकंदांची काही मिनिटं होतात. मग मिसळलेलं पाणी पस्तीसऐवजी जास्तीत जास्त पंचवीस लिटर मिळतं, पण एक मोठी बादली भरते. मैत्रिणीने तेच केलं. खटका आत झाकलेला असेल आणि त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत असेल तर तो इलेक्ट्रिशियनकडूनच फिरवून घ्यावा.

दुसरा उपाय म्हणजे क्रम उलटा करणं, आणि हे काम कार्डाचं. चार चित्रं काढली. पहिल्या चित्रात खुंटी आत ढकललेली, नळाखाली बादली. दुसऱ्यात दांडा उजवीकडे ठेवून वर उचललेला, नळातून गार पाणी. तिसऱ्यात दांडा हळूहळू डावीकडे सरकतोय आणि धारेखाली मनगट. चौथ्यात दांडा पुन्हा उजवीकडे आणून खाली दाबलेला. हे चौथं चित्र बहुतेक कार्डांत नसतं, कारण काढणाऱ्याच्या लेखी आंघोळ झाली की गोष्ट संपली. पण दांडा आणि खुंटी कशी सोडून गेलो, यावर पुढच्या माणसाची आंघोळ ठरते. अण्णांनी दांडा डावीकडेच सोडून बंद केला आणि नंतर आई आत गेल्या, तर त्यांचं पहिलं पाणी गरमच असणार.

हाताऐवजी मनगट काढलं ते अण्णांच्या मधुमेहामुळे. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघतात हे आईंना सांगावं लागलं नाही. चित्र बघितल्याबरोबर त्यांनी स्वतःच ओळखलं.

शॉवरचं चित्र मुद्दाम काढलं नाही. तसल्या आंघोळीची दोघांना आवड नव्हती, आणि जे करायचं नाही ते दाखवून वर फुली मारली, तर घाईत फुली सुटते आणि चित्र लक्षात राहतं. खुंटी आत असली की शॉवरचा प्रश्नच मिटतो. तरण्या पाहुण्यांना शॉवर घ्यायचा असेल तर ते शोधून काढतात. त्यांनी खुंटी परत आत ढकलावी, हे मात्र सांगून ठेवावं लागतं.

ओढणं आणि ढकलणं कागदावर दाखवणं किती कठीण आहे, हे चित्र काढायला बसल्यावर कळतं. वस्तू समोरून काढली तर ओढण्याची हालचाल बघणाऱ्याच्या दिशेने होते. सपाट कागदावर त्या दिशेने बाण काढायचा कसा? खाली जाणारा बाण काढला तर माणूस खुंटी खाली दाबतो, वळणारा काढला तर फिरवतो. म्हणून ती एकच चौकट बाजूने बघितल्यासारखी काढावी लागते: भिंतीची उभी रेघ, तिच्यातून बाहेर आलेली खुंटी, आणि तिच्यावर भिंतीकडे ढकलणारा तळवा. तळवा असला की बाणाची गरजच कमी होते. बाण म्हणजे दिशा, हे शाळेतल्या आकृत्या आणि रस्त्यावरच्या पाट्या बघून शिकलेलं असतं. हात काय करतोय, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

चित्र कसलं असावं यावर नेपाळमध्ये १९७६ साली युनिसेफच्या पुढाकाराने एक अभ्यास झाला होता. खेड्यातल्या लोकांना एकाच वस्तूची वेगवेगळ्या पद्धतीची चित्रं दाखवून ती ओळखता येतात का, ते पाहिलं होतं. मागची गर्दी काढून टाकलेले फोटो आणि छटा भरलेली चित्रं लोकांना चांगली ओळखता आली. काड्यांची माणसं मात्र सगळ्यांत मागे पडली. बाथरूमच्या बाबतीत मला याचा उपयोग होतो तो असा: मोबाइलवर काढलेला मिक्सरचा फोटो जसाच्या तसा छापायचा नाही. क्रोमच्या नळात अख्खं बाथरूम उमटलेलं असतं. खिडकी, टाइल्सच्या रेघा, फोटो काढणारा माणूस, सगळं. त्यातून दांडा वेगळा ओळखणं धडधाकट डोळ्यांनाही जड जातं. त्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून जाड रेघांनी आकार गिरवायचा, थोडी करडी छटा भरायची, आणि ज्या एका भागाला हात लावायचा तेवढाच गडद रंगवायचा. चित्रकला यावी लागत नाही. खरं तर फार न येणं बरं, कारण येणाऱ्याला टाइल्ससुद्धा काढायचा मोह होतो.

रंगाचा एक खाचखळगा आहे. मिक्सरवर गरमसाठी लाल आणि गारसाठी निळा ठिपका असतो, तिळाएवढा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग काळपट दिसायला लागतो. मोतीबिंदू असला की आणखीच. त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. गरमच्या बाजूला वाफाळता पेला काढला, गारच्या बाजूला माठ. माठाची कल्पना आईंची.

फ्लशच्या तुकड्याला सगळ्यांत कमी शब्द लागले, तरी त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन बटणांपैकी लहान बटण साधारण तीन लिटर पाणी सोडतं आणि मोठं सहा. टाकी तीच, फक्त झडप किती वेळ उघडी राहते यात फरक. पाणी वाचवायला ही सोय उत्तम, पण नेमकं कुठलं बटण कशासाठी, हे त्यावर लिहिलेलं नसतं. जपानमध्ये तर कमोडवर बटणांची रांगच असते, आणि प्रत्येक कंपनीची चिन्हं वेगळी असल्याने परदेशी पाहुण्यांची त्रेधा उडायची. शेवटी २०१७ साली तिथल्या उत्पादकांनी एकत्र येऊन आठ सामाईक चिन्हं ठरवली. जास्त पाणी आणि कमी पाणी यांचीही त्यात वेगळी चिन्हं आहेत. आपल्याकडे अजून ज्याची त्याची पट्टी.

म्हाताऱ्या पाहुण्यांना लहान-मोठ्याचा हिशोब शिकवावा असं मला वाटत नाही. त्यांनी दर वेळी मोठं बटण दाबलं तर तीन लिटर जादा जातील, जाऊ देत. चित्रात मोठंच बटण रंगवलं. खरी अडचण दाबण्याची होती. टाकी भिंतीत असल्याने बटणामागे बरीच यंत्रणा असते आणि ते टोकापर्यंत दाबावं लागतं. संधिवाताच्या बोटांनी हलकेच दाबलं की थोडं पाणी झिरपतं आणि थांबतं. म्हणून चित्रात बोट नाही, पूर्ण तळवा. दुसरी अडचण घाईची. एकदा पाणी सोडल्यावर टाकी भरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्याच्या आत पुन्हा दाबलं की काहीच होत नाही, आणि माणूस समजतो आपल्या हातून मोडलं. कार्डावर लिहिलं: ‘तळव्याने पूर्ण दाबा. पुन्हा दाबायचं तर पाण्याचा आवाज थांबू द्या.’ आणि खाली, जरा लहान चित्रात: बादली कमोडमध्ये ओतणारे हात. अर्धी बादली पाणी एका दमात ओतलं की कमोड बटणाइतकाच साफ होतो, कारण फ्लशही शेवटी तेच करतो. बटण चाललं नाही तर काय करायचं हे चित्रात दिसलं, म्हणून अण्णा निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवसापासून ते बटणच वापरायला लागले.

एक गोष्ट कार्डावर न लिहिता घरच्यांना सांगितली. कुणी आंघोळ करत असताना त्याच लाइनवरचा दुसरा फ्लश ओढायचा नाही. गार पाणी टाकी भरायला पळतं, मिक्सरकडे येणारी गार धार बारीक होते आणि आतल्या माणसावर येणारं पाणी अचानक जास्त गरम होतं. हे पाहुण्याच्या हातात नसतं, तेव्हा त्याच्या कार्डावर ते कशाला?

अक्षरं किती मोठी? मी आकडा ठरवत नाही. कार्ड भिंतीवर टेपने तात्पुरतं लावते, घरातल्या चष्मा लागणाऱ्या माणसाला चष्मा काढायला सांगते आणि हातभर अंतरावरून वाचायला लावते. बहुधा अक्षराची उंची अर्ध्या इंचावर जाऊन थांबते. मग एका तुकड्यावर तीन वाक्यांपेक्षा जास्त मावतच नाही, आणि ते बरंच आहे. पांढऱ्यावर काळं, ठसठशीत अक्षर, शिरोरेषा जाड असलेला पण मात्रा-वेलांट्या भरून न येणारा टाइप. लॅमिनेशन मॅट, कारण चकचकीत असेल तर दिव्याचा झोत नेमका अक्षरांवर येतो. छपाई लेझरची. इंकजेटची शाई कडेने ओल शिरली की पसरते. लॅमिनेशन कापताना कागदाच्या चारही बाजूंना थोडी पारदर्शक कड सोडायची. कागदाला लागून कापलं तर पहिल्याच आठवड्यात आत पाणी चढतं. आणि उंची आपल्या डोळ्यांची नाही, पाहुण्यांची. आई पाच फुटांच्या आतल्या, म्हणून मिक्सरचं कार्ड सव्वाचार फुटांवर लावलं.

भाषेबद्दल थोडं. अशा कार्डांवर ‘सूचना’ असं शीर्षक आणि खाली ‘करू नये’, ‘टाकू नये’, ‘घ्यावी’ असं काही लिहिलं, की ते सार्वजनिक शौचालयाच्या पाटीसारखं वाटतं. सासऱ्यांना तसं कोण बोलेल? शीर्षक नकोच. ‘दाबा’, ‘थांबा’, ‘बघा’ एवढं पुरतं. ‘डायव्हर्टर’, ‘लिव्हर’ असले शब्दही नकोत, खुंटी आणि दांडा म्हटलं की चित्रात दिसतंच. अण्णांनी आल्या दिवशी दाराशी उभं राहून विचारलं, ‘हे आमच्यासाठी लावलंय का?’ मैत्रीण म्हणाली, ‘सगळ्या पाहुण्यांसाठी आहे, अण्णा. मागे माझा भाऊ आला होता, त्याच्या डोक्यावर शॉवर सुटला.’ भावाचं खरं होतं, म्हणून बरं.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांसाठी हे कार्ड पार वेगळं काढावं लागतं. तिथे गरम पाणी बहुधा चोवीस तास तयार, गीझरचं बटणच नाही. भिंतीवर एकच गोल मूठ, अनेक घरांत ती फिरवली की आधी गार, मग कोमट, मग कढत; धार कमी-जास्त करायची सोय नाही. शॉवरची खुंटी नळाच्या तोंडावर, वर उचलायची. फ्लशचा दांडा टाकीच्या पुढच्या अंगाला. बटणं वरखाली चालतात तीसुद्धा उलटी, वर केलं की चालू. पण त्या कार्डावरचं पहिलं चित्र या कशाचंच नसावं. टबाबाहेरच्या जमिनीला बहुतेक घरांत जाळी नसते. बादली-तांब्याने टबाबाहेर बसून आंघोळ केली तर पाणी खालच्या छतातून उतरतं, आणि घरं बऱ्याचदा लाकडी सांगाड्याची. तेव्हा पहिलं चित्र टबाच्या आत बसलेल्या माणसाचं, पडद्याचं टोक टबाच्या आत. उभ्याने जमत नसेल तर टबात ठेवायचं स्टूल आणि लांब नळीचा हातशॉवर घेऊन द्यावा. त्याचं काम कार्डाने भागत नाही.

कार्ड उपयोगी पडतंय का, हे पाहुण्यांना विचारून कळत नाही. ते ‘हो, हो’ म्हणतात. बाणेरला मैत्रिणीने आंघोळीनंतर आत जाऊन फक्त तीन गोष्टी बघायच्या असं ठरवलं होतं: दांडा उजवीकडे आहे का, खुंटी आत आहे का, बाहेरचं बटण बंद आहे का. पहिल्या आठवड्यात दांडा आणि बटण जागेवर सापडायला लागलं. खुंटी मात्र रोज आत असायची, आणि तेच खटकलं, कारण तिला कुणी हातच लावत नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की अण्णा-आई दोघंही नळाखाली बादली भरून घेतात, मिक्सर बंद करतात, आणि मगच आंघोळीला बसतात. पहिली चौकट त्यांना लागतच नव्हती. पुढची प्रत छापताना ती काढून टाकली आणि उरलेली तीन चित्रं तेवढ्याच कागदावर मोठी केली.